काटा मोडला, पण कळलाच नाही



गव्हाला तिसरं पाणी देऊन झालं. हरभरा घाट्यात आहे, ज्वारी पोटऱ्यात. पिकाचं नंतर लिहितो, फोटो पण टाकतो. आज जरा वेगळं लिहायचंय. मागच्या वर्षी याच दिवसांत तीन महिने मी शेतात दिसलो नाही. कोणी म्हणालं पाठ धरली, कोणी म्हणालं ॲक्सिडेंट झाला. मी पण काही बोललो नाही. कारण सांगायचीच लाज वाटत होती. एका बाभळीच्या काट्यानं माणूस तीन महिने खाटेवर बसला, हे शेतकऱ्यानं सांगायचं कसं? पण आपल्या पेजवर शुगरवाले बरेच आहेत, मेसेज येत असतात. म्हणून सगळं लिहितो.

मला शुगर होऊन आता दहा वर्षं झाली. गोळ्या चालू होत्या, पण खरं सांगायचं तर मनाला येईल तशा. सुगीत दोन-दोन दिवस विसरायचो. चार-पाच वर्षांपूर्वी रात्री तळपायाला आग व्हायला लागली. मुंग्या यायच्या, गोधडीचा स्पर्श नको व्हायचा. पाय पांघरुणाच्या बाहेर काढून झोपायचो. कारभारीण खोबरेल तेल चोळून द्यायची. मग वर्ष-दीड वर्षात ती आग आपोआप कमी होत गेली आणि बंद झाली. मी खूश. सगळ्यांना सांगायचो, बघा, आपोआप बरं झालं.

ते बरं झालं नव्हतं. आधी नस दुखावलेली होती म्हणून आग होत होती. नंतर ती नस मेलीच, म्हणून आग थांबली. हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. ज्याला मी आराम समजत होतो तोच खरा बिघाड होता.

खुणा तशा बऱ्याच होत्या. चालता चालता चप्पल पायातून निसटायची आणि चार पावलं पुढं गेल्यावर खाली बघितलं की कळायचं, अरे, एक पाय अनवाणी. घरात सगळे हसायचे, मी पण हसायचो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडवर चढलो, सगळे म्हणाले पत्रा तापलाय, मला काहीच वाटलं नाही. मला वाटलं आपले पाय शेतकऱ्याचे, घट्टे पडलेले, भाजणार कसे.

आता काट्याचं सांगतो.

जानेवारीचा दुसरा आठवडा. आमच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती, बारा ते आठ. गव्हाला दारं धरायला गेलो. धुऱ्यावर बोराटी आणि बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आहे, हरणं-डुकरं येतात म्हणून. पायात नेहमीची रबरी चप्पल, टाच घासून पातळ झालेली. रात्रभर चिखलात बारे फोडले, सकाळी घरी आलो, पाय धुतले, चहा घेतला, झोपलो. दुपारी परत तीच चप्पल घालून तुरीच्या खळ्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी पण तीच. संध्याकाळी नात ओसरीवर खेळत होती. ती म्हणाली, "आबा, फरशीवर लाल लाल काय पडलंय?"

बघितलं तर दारापासून खाटेपर्यंत प्रत्येक उजव्या पावलाला रक्ताचा ठिपका. पाय उलटा करून बघितला तर अंगठ्याच्या मागचा जो उंचवटा असतो, चवडा, त्याच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. सूनबाईनं चप्पल उचलून बघितली. तळव्यातून आरपार बाभळीचा काटा, वर पेरभर टोक निघालेलं. म्हणजे तो काटा निदान दीड दिवस मी प्रत्येक पावलाला स्वतःच्या पायात ठोकत होतो. शंभर वेळा तरी टोचला असेल. आणि मला काही नाही. वेदना नाही, कळ नाही, लंगडणं सुद्धा नाही.

इथं थोडं थांबतो. आपल्या बैलाच्या खुरात काटा गेला तर तो लगेच पाय उचलतो, लंगडतो. मग आपण त्याला आडवा पाडून खूर बघतो, काटा काढतो, चार दिवस औताला जुंपत नाही. बैल लंगडतो म्हणून त्याचा पाय वाचतो. दुखणारा पाय माणूस आपोआप हलका टेकवतो, वजन दुसऱ्या पायावर घेतो, जखमेला आराम मिळतो. मी लंगडलोच नाही. सत्तर-बहात्तर किलोचं वजन रोज त्या भोकावर टाकत राहिलो.

मोटारीचं उदाहरण देतो. विहिरीतलं पाणी संपलं की मोटार आपोआप बंद पडावी म्हणून स्टार्टरला सोय असते. काहीजण कटकट नको म्हणून ती वायर डायरेक्ट जोडून टाकतात. मग पाणी असो नसो, मोटार चालूच. वरून आवाज छान. आत कॉइल जळून जाते तेव्हा कळतं. माझ्या पायाची ती वायर शुगरनं कधीच डायरेक्ट केली होती.

पुढची चूक माझीच. भोक केवढंसं होतं. दुखत नव्हतं. मी हळद दाबली, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी खळ्यावर हजर. सूनबाई म्हणाली, "मामा, दवाखान्यात दाखवू या." मी म्हणालो, "दुखतंय का? मग कशाला?" हा माझा प्रश्नच उलटा होता. दुखत नाही म्हणूनच जायला पाहिजे होतं.

पाचव्या दिवशी चप्पलचा पट्टा घट्ट व्हायला लागला. पायाची वरची बाजू सुजली होती. भोकाच्या वर कातडी बंद झाल्यासारखी दिसत होती, म्हणून मी समजलो जखम भरली. सहाव्या दिवशी चिंधीला वास आला. दुखणं अजूनही नाहीच, फक्त पाय जड. ताप म्हणावा तर थोडी कणकण. पण घरच्या मशीनवर शुगर बघितली तर ३८०. एरवी उपाशीपोटी १७०-१८० असायची. मी गोड काही खाल्लेलं नव्हतं. नंतर समजलं की अंगात पू धरला की शुगर अशी उसळते, आणि शुगर वाढली की पू अजून वाढतो. ताप येईलच असं नाही. त्या वेळी मशीनवरचा तो आकडा हीच एकमेव ओरड होती.

त्याच दिवशी मुलानं गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. आधी एका ठिकाणी दाखवलं, तिथं वरून मलम-पट्टी करून घरी जा म्हणाले. पाय नीट उलटा करून बघितलाही नाही. मुलाला ते पटलं नाही, म्हणून जिल्ह्याला पायाच्या जखमा बघणाऱ्या सर्जनकडे गेलो. ते चांगलं केलं.

त्या डॉक्टरांनी आधी दोन्ही पायांच्या नाड्या बोटांनी चाचपल्या, एक पायाच्या वर, एक घोट्याच्या आतल्या बाजूला. म्हणाले, "काका, तुमचं नशीब बरं, रक्त खाली येतंय. रक्तच येत नसतं तर औषध जखमेपर्यंत पोचलं नसतं, आधी नळ्यांचं बघावं लागलं असतं." मग जखमेच्या वरचं ते बंद झालेलं कातडं कापलं. मला भूल सुद्धा द्यावी लागली नाही, मी बघत बसलो होतो. आत पोकळी, पू बाहेर आला. वर ज्वारीचा दाणा, आत बोराएवढा खड्डा. त्यात त्यांनी बोथट टोकाची स्टीलची काडी हळूच घातली. दीड सेंटिमीटर आत गेली. काडी हाडाला टक्कन लागली तर हाडाला लागण झाल्याचा संशय धरतात, आणि मग काम लांबतं. माझी लागली नाही. एक्स-रे पण काढला, आणि तीन आठवड्यांनी परत काढला, कारण हाड खराब व्हायला लागलं तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसत नाही म्हणे. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पू तपासायला पाठवला, पाच दिवस ॲडमिट. सलाईनमधून औषध, इन्सुलिन चालू. तीन महिन्यांची शुगर १०.४ निघाली.

तिथंच त्यांनी नायलॉनच्या दोऱ्याची तपासणी केली. मासे धरायच्या गळाचा दोरा असतो तसा, एका दांडीला लावलेला. तो कातडीवर टेकवून दाबला की दहा ग्रॅमच्या जोरावर वाकतो. मला डोळे मिटायला लावले आणि पायाला एकेका जागी टेकवत विचारलं, "कळलं की सांगा." मी आपला वाट बघत बसलो. डोळे मिटलेले, म्हटलं अजून चालू केलं नाही वाटतं. ते म्हणाले, झालं. उजव्या पायाला दहा जागांपैकी चारच जागी मी 'हो' म्हटलं होतं. डाव्याला पाच. चवड्याला आणि बोटांना तर काहीच नाही. पोटरीवर मात्र लगेच कळत होतं. सगळ्यात लांबच्या नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात म्हणून आधी त्याच मरतात, मग हळूहळू वर, मोजा चढवावा तसं.

अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली. माझ्या टाचांना भेगा. मी म्हणायचो मातीनं पडतात. मातीचं आहेच, पण नसा गेल्या की पायाला घामही नीट येत नाही. कातडी कोरडी पडते, तडकते, आणि ती भेग म्हणजे जंतूंना उघडं दार.

घरी आल्यावरचं खरं औषध गोळ्यांचं नव्हतं, ते होतं वजन न टाकणं. पाय टेकवायचा नाही, आणि अगदी संडासला जायचं तर गुडघ्यापर्यंतचा एक खास बूट घालून, वॉकर धरून. त्या बुटात चवड्यावर भार येत नाही. रोज सूनबाई सलाईनच्या पाण्यानं जखम धुऊन ड्रेसिंग करायची, तिला नर्सनं शिकवलं होतं. दर आठवड्याला डॉक्टर कडेचं मेलेलं, जाड झालेलं कातडं खरवडायचे आणि पारदर्शक कागदावर जखमेचा आकार पेनानं काढून ठेवायचे.

तीन आठवडे जखम लहान होत गेली. चौथ्या आठवड्यात कागद कागदावर ठेवला तर मोठी झालेली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "काका, कुठं गेला होता?" मी म्हणालो कुठंच नाही. खरं असं होतं की गाय व्यायला झाली होती, रात्री दोनदा गोठ्यात गेलो होतो, बूट न घालता, चप्पलवर. वीस-पंचवीस पावलं एका खेपेची. दुखलं नाही म्हणून मला ते चाललंच वाटलं नव्हतं. दोन रात्रींत दोन आठवड्यांचं काम वाया. त्यानंतर कारभारणीनं चप्पलच उचलून माळ्यावर टाकली. अकराव्या आठवड्यात जखम पूर्ण भरली. हरभरा मुलानं काढला, गव्हाला शेवटचं पाणी चुकलं. जे झालं ते झालं. माझ्या साडूचं अंगठ्यापासून सुरू झालं आणि अर्धा पाऊल गेलं. त्याला पण बुटातला एक खडाच लागला होता.

आता रोज काय करतो ते सांगतो, कारण मेसेजमध्ये हेच विचारतात.

संध्याकाळी पाय धुतल्यावर, जेवणाच्या आधी. वेळ ठरलेली पाहिजे, नाहीतर राहून जातं. खाटेवर बसतो, बल्ब डोक्यावर. दाढीचा आरसा जमिनीवर ठेवतो आणि त्याच्यावर पाय धरतो, कारण आता माझं पोट आड येतं आणि तळवा दिसत नाही. चष्मा लावतो. चष्म्याशिवाय बघणं म्हणजे न बघणंच. आधी चवडा, मग टाच, मग पायाची बाहेरची कड, मग एकेक बोट फाकवून मधल्या जागा. चिखलात उभं राहिलं की बोटांमध्ये चिखल्या होतात. पांढरी, भिजलेली कातडी दिसली की समजायचं. तिथं फडक्यानं टिपून कोरडं करायचं, तेल लावायचं नाही. तेल टाचेला आणि तळव्याला लावायचं, बोटांच्या सांदीत नाही.

मग हाताच्या पाठीनं दोन्ही पाय चाचपतो. आपण वासराला ताप आहे का बघायला कान धरतो ना, तसंच. एक जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा गरम लागली, तर तिथं आत काहीतरी रगडतंय. माझा स्वतःच्या पायावर विश्वास नाही, पण हातावर आहे. हाताला अजून कळतं.

सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं ते घट्ट्यावर. आपण घट्टा म्हणजे चांगलाच समजतो, कातडी पक्की झाली म्हणून. पण बधिर पायाला घट्टा म्हणजे तिथं सारखा दाब येतोय याची खूण. तो खड्यासारखा खाली रुततो आणि त्याच्याखाली जखम होते, वरून काही दिसत नाही. घट्ट्यात काळपट-लाल डाग दिसला तर आत रक्त साकळलंय. त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा. घरी ब्लेडनं कापायचा नाही, कुरुपाची पट्टी लावायची नाही. त्या पट्टीतलं औषध घट्टा आणि चांगली कातडी यात फरक करत नाही, आणि आपल्याला भाजलेलं कळत नाही.

जखम दिसली, फोड दिसला, लालसर सुजलं, तर मी आता 'दुखतंय का' असं विचारत नाही. स्वच्छ पाण्यानं धुतो, कोरडं स्वच्छ कापड बांधतो, त्या पायावर चालणं बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायला जातो. हळद, चुना, डिझेल, तंबाखू यातलं काही नाही. वास, पू, काळं पडलेलं, वर चढणारी लाली, किंवा शुगर कारण नसताना चढलेली, यातलं एक जरी असेल तर सकाळची पण वाट बघत नाही, रात्रीच निघायचं.

थंडीत शेकोटीला बसतो, पण पाय मागं. पाणी गरम की गार ते पायानं बघत नाही, कोपरानं बघतो. मागच्या महिन्यात शेजारच्या मळ्यातल्या एका शुगरवाल्या म्हातारबांनी शेकोटीला पाय लावून झोप काढली, उठले तर बोटांवर फोड. झोपेत माणूस चटका लागला की पाय ओढतो. त्यांनी ओढला नाही.

शेत काही सोडता येत नाही. अनवाणी आता घरात सुद्धा फिरत नाही, देवघरापाशी पण मऊ सपाता घालतो, त्यावरून आईची थोडी बोलणी खातो. रानात जाड तळाची, आतून मऊ रबराची, मागं पट्टा असलेली चप्पल वापरतो. ते मऊ रबर कुष्ठरोग्यांच्या चपलांना वापरतात तेच. त्यांचा आणि आमचा त्रास पायाच्या बाबतीत सारखाच, बधिरपणाचा. पाणी द्यायचं असेल तर गमबूट, आत पांढरे मोजे. पांढरे यासाठी की रक्त लागलं तर दिसावं. बूट ओले झाले की बाहेर येऊन मोजे बदलतो. रात्रीची पाळी मात्र मुलाकडे दिली. अंधारात काटा मला दिसत नाही आणि पायाला कळत नाही, मग मी तिथं उभं राहून करू काय?

चप्पल घालायच्या आधी झटकायची, आत हात फिरवायचा, उलटी करून तळवा बघायचा, हे काम नातीनं घेतलंय. तिला ते खेळासारखं वाटतं. काटा सापडला तर तिला एक रुपया, असा आमचा करार आहे. आजपर्यंत सतरा रुपये झाले. परवा तिनं तुरीचं एक धसकट काढलं, टाचेच्या बाजूला अर्धं रुतलेलं, अजून आरपार झालेलं नव्हतं. काल काटा नव्हता, आत ज्वारीचा एक दाणा होता. मी म्हणालो दाण्याचा रुपया नाही. तर तिनं माझा पाय उचलून दाखवला, त्या दाण्याएवढा लाल वण बोटाखाली उमटलेला. द्यावा लागला.